गुरुवारची पट्टी

कौतिक साळी उभा राहायचा. त्याची नोकरीच तशी होती. बुऱ्हाणपूरच्या एका कापडगिरणीत घडी खात्यात तो कामाला होता. समोर उतरतं टेबल, वर दिवा, आणि टेबलावरून सरकत जाणारं कापड. तुटलेला धागा दिसला की खडूची खूण करायची आणि कापड पुढे ओढायचं. हात चालत, डोळे चालत. पाय मात्र सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत एकाच फरशीवर. त्या फरशीला बोलता आलं असतं तर तिने त्याला कधीच हाकलून दिलं असतं.

आधी तो असा नव्हता. बापाचा हातमाग होता, खड्ड्यातला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, उजव्या पावडीवर पाऊल दाबायचं, मग डाव्या, की ताणा उघडायचा आणि धोटा जायचा. बायको सरुबाई बाजूला कांड्या भरायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. स्वातंत्र्य आलं त्याच्या मागेपुढे सूत मिळेनासं झालं. कंट्रोलच्या रांगेत उभं राहून हाती लागायचं ते इतकं थोडं, की त्यात लुगड्याचा पदरसुद्धा होईना. कौतिकने माग मोडला, खड्डा मातीने बुजवला आणि गिरणीत गेला. दोन वर्षांनी सरुबाई तापाने गेली. मुलगी मालू आधीच रावेरला दिलेली. घरात उरला एकटा कौतिक, आणि सरुबाई गेल्यावर त्याला कळलं की बायकोच्या बडबडीचा त्रास होतो म्हणणारे सगळे पुरुष खोटारडे असतात.

पाय दुखायला लागला तो मग. संध्याकाळी घोटा सुजायचा, सकाळी उतरायचा. पोटरीवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या वर आल्या. घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळी पडली, खाजू लागली. एकदा टेबलाचा कोपरा तिथे लागला. एरवी चार दिवसांत भरली असती अशी खरचट, पण ती भरली नाही. वाढली, पसरली, ओली राहिली.

आता कौतिक पडला विणकर. त्याने विणकराच्या डोक्याने हिशेब केला. पाय संध्याकाळी सुजतो म्हणजे दिवसभर रक्त खाली उतरतं. उतरतं तर वरच अडवावं. गिरणीत लुगड्याच्या काठाच्या कापून टाकलेल्या पट्ट्या पडलेल्या असत, घट्ट विणीच्या, कितीही ओढा तुटायच्या नाहीत. त्यातली एक त्याने गुडघ्याखाली करकचून बांधली, ताणा बांधतात तशी न सुटणारी गाठ मारून. गाठ बांधण्यात त्याचा हात कोण धरणार? पाय आणखी सुजला. कौतिकने गाठ आणखी आवळली.

जखमेला वास येऊ लागला, आणि इथून कौतिकची खरी कथा सुरू होते. दुपारच्या सुटीत भाकर सोडून बसला की शेजारचा माणूस पाणी प्यायला म्हणून उठायचा, तो परत यायचाच नाही. गल्लीतल्या ओट्यावर तो बसला की ओटा रिकामा व्हायचा. कुणी तोंडावर बोललं नाही. पण पायाला न भरणारी जखम म्हटल्यावर लोकांच्या मनात एकच शब्द येतो, आणि तो शब्द महारोग. रावेरला गेला तेव्हा मालूच्या सासूने त्याचं ताट अंगणात वाढलं. नातू त्याच्याकडे धावत आला, त्याला मधेच कुणी तरी उचललं. मालू मान खाली घालून चुलीशी बसून राहिली. कौतिक जेवला, हात धुतले, गाडीने परत आला आणि ठरवलं की लेकीला पुन्हा अशी मान खाली घालायला लावायची नाही. तो नंतर रावेरला गेला नाही. मालूनेही ये म्हणून निरोप धाडला नाही, आणि याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

शेवटी खात्यातला मुकादम, जॉबर चुडामण त्याला बाजूला घेऊन म्हणाला की बाकीची माणसं कुरकुरतात, डॉक्टरला दाखव, नाही तर येऊ नको. चुडामण वाईट नव्हता. पण बोलताना तोही चार हात लांब उभा होता.

सरकारी दवाखान्यात तेव्हा नागपूरकडचे एक डॉक्टर होते, तरुण, भरभर बोलणारे. त्यांनी कौतिकला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या बोळ्याने जखमेभोवती, तळव्याला, बोटांना हलकेच शिवलं. कुठे लागतंय ते बोटाने दाखवा म्हणाले. कौतिकने प्रत्येक जागा बरोबर दाखवली. मग त्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवून नाडी बघितली. बराच वेळ बघितली.

"हा महारोग नाही," ते म्हणाले. "पायाला रक्त नीट येतंय. ते परत वर जात नाही, एवढंच."

कौतिकला रडू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं.

मग डॉक्टरांची नजर गुडघ्याखालच्या काठाच्या पट्टीवर गेली, आणि ते चिडले. त्यांनी कात्रीने ती कापून टाकली आणि मग, चिडक्या माणसांना कधी कधी येते तशी माया येऊन, स्टुलावर बसून समजावून सांगितलं. काळीज रक्त खाली ढकलतं, पण पायाच्या बोटापासून वर चढवायला तो जोर पुरत नाही. ते काम पोटरीचं. पाऊल टाकलं की पोटरीचं मांस आवळतं, त्याच्या आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. पोटरी सैल पडली की ते परत खाली यायला बघतं, तेव्हा शिरांतल्या बारक्या झडपा मिटतात आणि त्याला अडवतात. पुढचं पाऊल पडलं की ते आणखी वर. माणूस चालतो तोवर हे चालू असतं. नुसता उभा राहिला की पोटरी गप्प, रक्त घोट्याशी साचतं. वर्षानुवर्षं साचलं की शिरा ताणून फुगतात, झडपा एकमेकींना भिडेनाशा होतात, आणि मग चालतानाही थोडं रक्त मागे गळतं. तो सगळा भार घोट्याच्या कातडीवर. पाणी झिरपतं, कातडी उपाशी मरते, जखम भरत नाही. "आणि तुम्ही काय केलंत? वर जायची जी वाट होती ती दोरीने बांधलीत."

कौतिक म्हणाला की मागावर बसायचो तेव्हा पाय कधी सुजला नाही. डॉक्टर म्हणाले, सुजणार कसा, पावडी दाबताना पोटरी चालतच होती की.

उपाय असा होता. बोटांपासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी, घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. पोटरी आवळली की ती बाहेर फुगते. बाहेर पट्टीची भिंत असली की तो सगळा दाब आत शिरांवर जातो. पट्टी रात्रंदिवस राहू द्यायची, दर गुरुवारी दवाखान्यात बदलायची. बसताना पाय लोंबकळत ठेवायचा नाही, उशीवर वर घ्यायचा. खाटेच्या पायथ्याला विटा. टेबलाशी उभं राहणं सुटत नसेल तर अधूनमधून टाचा उचलायच्या, टेकायच्या. आणि रोज चालायचं, भरपूर.

"चालू कुठं, साहेब?" कौतिकने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, कुठेही. कुणाकडे तरी जात जा. त्यांना काय माहीत, की कौतिकला जायला कुणीच नव्हतं.

पट्टी बांधायचं काम सोजरबाईचं. ड्रेसिंगच्या खोलीत ती एकटीच असायची. निंबोला गावची, तरुणपणीच विधवा झालेली, आता केस पिकलेली, जाडजूड हातांची बाई. तोंडाने फटकळ. पहिल्या गुरुवारी तिने कौतिकचा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. मधे एक जुनं फडकं होतं, पण मांडीवर घेतला. जखम धुतली, नाक मुरडलं नाही, आणि बोटांच्या मुळापासून पट्टी चढवायला सुरुवात केली. पाऊल, टाच, घोटा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला. हात चालू असताना ती बोलत होती. दवाखान्यातली मांजर, केळीच्या बागेत भावाने केलेला मूर्खपणा, डॉक्टरसाहेबांना भाकरी चावत नाही. कौतिक ऐकत होता. सरुबाई गेल्यापासून त्याला कुणी असा हात लावला नव्हता, हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर एकदम समजलं आणि तो घाबरला.

मग तो चालू लागला. गिरणी सुटली की शनवाऱ्याच्या वेशीतून निघायचा आणि लालबागला स्टेशनपर्यंत जायचा. भुसावळकडे जाणारी गाडी असायची, ती रावेरला थांबायची. तो गाडीत चढायचा नाही. गाडी सुटली की वळायचा. सुटीच्या दिवशी राजघाटावर जाऊन तापीच्या काठाने फिरायचा. वाटेत माणसं जोडीने, घोळक्याने बोलत जाताना दिसायची, आणि हा एकटा टाच टेकवून, बोटं दाबून, पोटरीला काम देत जायचा. खात्यात तो टाचा उचलून टेकायला लागला तेव्हा माणसं हसली. कौतिकला म्हातारपणी फुगडी खेळायची हौस आली म्हणाली. पण हसायला का होईना, ती जवळ आली होती.

सूज उतरली. जखमेच्या कडेने गुलाबी कातडी आत सरकू लागली. वास गेला. दर गुरुवारी सोजरबाई फडकं उघडून बघायची आणि अशी खूश व्हायची की जसं काही तिनेच ती कातडी विणली. "बघा भाऊ, अंगठ्याएवढी राहिली," ती म्हणायची. कौतिक मान डोलवायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस तो मनात गोळा करत राहायचा, सोजरबाईला सांगण्यासारखं काही. स्टेशनावर टोपली सांडली, नदीला पाणी आलं, चुडामणच्या पोराचं लग्न ठरलं. चालताना त्याच्या तोंडातल्या तोंडात हेच चाललेलं असायचं. म्हणजे बघा, जायला कुणी नव्हतं, पण चालत मात्र तो रोज तिच्याकडेच होता.

त्या वर्षी नोव्हेंबरात राज्यं नवी आखली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं, रावेर तर होतंच तिकडे, आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी माणसांची वाटणी झाली. डॉक्टर आपल्या मुलखात गेले. जायच्या आधी त्यांनी कौतिकचा पाय बघितला, पाठीवर थाप मारली आणि सोजरबाईला सांगितलं की आणखी दोन-तीन पट्ट्या, मग यांना यायची गरज नाही. नवे डॉक्टर हिंदी बोलणारे होते, पुढच्या खोलीत बसायचे. त्यांनी एकच नियम कडक केला. जखम नसलेल्याने ड्रेसिंगच्या बाकावर बसायचं नाही.

यायची गरज नाही. हे शब्द कौतिक घरी घेऊन आला. रात्री भाकरी केली, खाल्ली नाही. पाय आता दुखत नव्हता आणि हे त्याला आवडेना. इतका मूर्खपणा माणूस करतो का? करतो. एकटेपणाला काय शहाणपण असतं? त्याने त्या आठवड्यात चालणं सोडलं. खात्यात टाचा उचलणं सोडलं. घरी आल्यावर पट्टी उतरवायचा आणि दाराच्या चौकटीला टेकून नुसता उभा राहायचा, गल्लीतले दिवे विझेपर्यंत. मग तेवढ्याने भागेना म्हणून गिरणीतून काठाची एक पट्टी आणली आणि गुडघ्याखाली बांधली. गुरुवारी सकाळी ती सोडायची, आणि दवाखान्यातली ताणाची पट्टी आपल्या हाताने पुन्हा चढवून दवाखान्यात जायचं.

जखम अडली. मग थोडी मागे गेली. गुलाबी कड पुन्हा पांढरी, ओली झाली. सोजरबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने मलम बदललं, पाणी बदललं, स्वतःलाच बोल लावला की माझा हात सैल पडतो की काय. त्या गुरुवारी ती बडबडलीच नाही. कौतिकने टोपलीची गोष्ट सांगितली, ती हसली नाही.

पुढच्या गुरुवारी तिने पट्टी उलगडताना हात थांबवला. तिची पट्टी बोटांच्या मुळापासून निघायची. ही घोट्यापासून निघाली होती, आणि बोटं फुगून तुकतुकीत झाली होती. शिवाय वेढे फार देखणे होते, कडेला कड अशी, कापडाच्या घडीसारखे. तिने धोतर गुडघ्याच्या वर सरकवलं. गुडघ्याखाली काठाचा वळ होता, खोल, लाल, विणीच्या ठशासकट.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सोजरबाईने आधी वळ बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. कौतिकला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माह्याजवळ बसाले," ती हळूच म्हणाली, "तुमाले पाय सडवा लागला?"

कौतिक म्हणाला की बाई, घरी कुणी बोलतच नाही.

"माह्या घरी कोन बोलते?" सोजरबाई म्हणाली.

तिने पाय धुतला. मग तिने जे केलं ते कौतिकला त्या दिवशी फार कठोर वाटलं, आणि ऐकणाऱ्यालाही तसंच वाटेल. तिने पाय मांडीवरून उतरवला, लाकडी स्टुलावर ठेवला, आणि पट्टीची गुंडाळी त्याच्या हातात दिली. बांधा म्हणाली. त्याने बांधली. तिने उलगडली, चुकलं म्हणाली, टाच उघडी राहिली. पुन्हा बांधायला लावली. वर घट्ट झाली, पुन्हा उलगडली. विणकराचे हात ते, कडेला कड लावायची सवय सुटेना. बाहेरचे रोगी कुरकुरायला लागले तरी तिने त्याला सोडलं नाही. घरी येऊ नका, तिने सांगितलं, गल्ली माझी आहे, लोक काय बोलतील ते मला ऐकावं लागेल. इथेही आता यायचं नाही. जखम भरली तरी झडपा नव्या येत नाहीत, म्हणून पट्टी जन्मभर बांधायची, रोज सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी. ती माझ्या हाताने बांधायची सवय लागली तर पाय जाईल.

"अन् पुन्हा फुटली तं?" कौतिकने विचारलं.

"मी नाही बांधनार. दुसऱ्याकडे जाजा."

शेवटची पट्टी बरोबर बसली तेव्हा तिने दोन बोटं घालून घोट्याशी बघितलं, मग पोटरीशी. जमलं, एवढंच म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कौतिकला राग आला. चांगले काही दिवस तो रागात होता. पण तो राग घेऊनच रोज सकाळी खाटेवर बसून बोटांपासून पट्टी चढवत होता, आणि संध्याकाळी चालत होता. जखम भरत आली, मग भरली. तिथे एक पातळ, चकचकीत कातडी आली, बाळाच्या ओठासारखी नाजूक. ते त्याने कुणाला दाखवलं नाही. दाखवणार कुणाला?

चालायची वाट मात्र त्याने बदलली. गुरुवारी तो लालबागला न जाता दवाखान्यावरून जाऊ लागला, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. दवाखाना बंद व्हायची ती वेळ. सोजरबाई पायरीवर उभी राहून फडकी झटकत असायची. ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. पायांकडे बघायची. घोटा वाकतोय का, टाच टेकतेय का, पोटरी काम करतेय का. बघून झालं की मान हलवायची आणि आत जायची. तोही थांबायचा नाही. किती तरी गुरुवार असेच गेले. कुणी बघितलं असतं तर त्याला यात बोलण्यासारखं काहीच सापडलं नसतं. कौतिक मात्र त्या मान हलवण्यासाठी आठवडाभर नीट चालायचा.

एका गुरुवारी तो आला तेव्हा ती पायरी उतरून रस्त्याच्या कडेला आली होती. हातात फडकं नव्हतं. तिने त्याच्या पायांकडे बघितलंच नाही. सरळ तोंडाकडे बघितलं. कौतिक वाळला होता, दाढी वाढली होती.

"जेवले का, भाऊ?" तिने विचारलं.

सरुबाई गेल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याला वाटलं थांबावं, तिथेच खाली बसावं, सगळं सांगावं. पण तिच्या गल्लीतली दोन माणसं समोरून येत होती, आणि तिची नजर एकदा त्यांच्याकडे गेली.

"हो," कौतिक म्हणाला, "जेवलो."

तो सकाळपासून जेवला नव्हता. तो पुढे चालत राहिला. दवाखाना बराच मागे पडल्यावर त्याने उपरण्याने डोळे पुसले, आणि घरी जाऊन, त्या दिवशी पहिल्यांदा, चूल पेटवली.